तूट कुणाच्या खात्यावर?

अर्ज हाताने लिहिलेला होता, अक्षर सुरेख, समास सोडलेला, आणि वर ठळक ‘विषय : मासिक पगार दोन बँक खात्यांत विभागून मिळणेबाबत’. पगारपत्रकाच्या टेबलावर असे अर्ज येतात, त्यात नवल नाही. पण हा पानभर होता. घरात खर्च कसा वाढला, एकाच खात्यातून सगळं निघत असल्यामुळे महिना संपताना हाताशी काहीच कसं उरत नाही, मागच्या वर्षी ठरवून बाजूला ठेवलेली रक्कम कशी दोनदा मोडावी लागली, बायकोशी त्यावरून काय बोलणं झालं, इथपर्यंत सगळं त्यात होतं. वाचताना मला अवघडल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या घरातलं बोलणं कानावर पडलं की आपण उगाच खाकरतो, तसं काहीसं. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर शेवटी एकच कामाची ओळ : ‘तरी पगारातील काही रक्कम बचतीच्या खात्यात व उर्वरित घरखर्चाच्या खात्यात जमा करावी, ही नम्र विनंती.’

काही रक्कम म्हणजे किती, हे पानभरात कुठेच नव्हतं.

संध्याकाळी घरी जातानाही ते डोक्यातून जाईना. ज्या माणसाने मन इतकं मोकळं केलं, त्याला ‘अर्ज अपूर्ण आहे’ असा शेरा मारून परत पाठवायचं जिवावर आलं होतं. पण त्या ओळीवर मला खरंच काही करता येत नव्हतं. आमच्या पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कर्मचाऱ्यापुढे बँकेचा एक तक्ता उघडतो. एका खात्याला एक ओळ. ओळीत खात्याचा तपशील, मग पद्धत, मग आकडा आणि शेवटी क्रम. पद्धतीच्या रकान्यात तीनच पर्याय असतात : ठराविक रक्कम, टक्के किंवा उरलेलं सगळं. क्रमाच्या रकान्यात आधी कुठली ओळ भरायची ते येतं. घरातला ताण, बायकोचं म्हणणं, मोडलेली बचत यांना तिथे जागा नाही. कारण लिहायला हरकत नाही, एका वाक्यात लिहावं. खरं तर न लिहिलं तरी चालतं. पगार स्वतःच्याच दोन खात्यांत मागताना कार्यालयाला कारण पटवून द्यावं लागत नाही. पटवून द्यायचं असतंच, तर ते आकडा आणि क्रम.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बोलावलं. “मॅडम, काही चुकलं का?” असं विचारतच आले. मी म्हटलं, “चुकलं काही नाही, पण बचतीला किती टाकायचे ते तुम्ही सांगितलंच नाही.” ते लगेच म्हणाले, “तीस टक्के.” मग थोडं थांबून, “म्हणजे पंधरा हजार.” मी विचारलं, “टक्के की पंधरा हजार?” ते हसले. त्यांना दोन्ही एकच वाटत होतं. त्यांच्या हातात साधारण ५०,००० पडतात, म्हणून नेहमीच्या महिन्यात ते एकच असतंही. फरक पडतो तो पगार ५०,००० नसेल त्या महिन्यात. आणि त्यांच्या विभागात जादा कामाचे पैसे कधी असतात, कधी नसतात, कुणी आजारी पडलं तर बिनपगारी रजा होते. वर्षात सारख्या आकड्याचे महिने त्यांच्या वाट्याला थोडेच येतात.

त्याआधी एक गोष्ट मिटवायला लागली. टक्के कशाचे धरायचे? नेमणुकीच्या पत्रावर जो मोठा आकडा असतो त्यावरून बरेच जण हिशोब करून येतात. कर, निधी, विमा, आगाऊ घेतलेल्या रकमेचा हप्ता हे सगळं वजा झाल्यावर जो निव्वळ पगार उरतो, विभागणी त्याचीच होते. वरच्या आकड्याचे तीस टक्के मनात धरून घरचं गणित मांडलं, तर पहिल्याच महिन्यात बचतीत अपेक्षेपेक्षा कमी जमा होतं, आणि मग माणूस माझ्याकडे येऊन विचारतो की कार्यालयाने कापले कुठे.

मग मी त्यांच्याच अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूवर महिने मांडले. नेहमीच्या महिन्यात काहीही लिहा, घराला ३५,००० आणि बचतीला १५,०००. आता समजा बिनपगारी रजा झाली आणि हातात ४२,००० आले. ‘बचतीला ठराविक १५,०००, उरलेलं घराला’ असं लिहिलं असेल तर घराच्या खात्यात २७,००० येतील. ‘घराला ठराविक ३५,०००, उरलेलं बचतीला’ असं लिहिलं असेल तर घराचा महिना नेहमीसारखा जाईल आणि बचतीत ७,००० पडतील. टक्के असतील तर घराला २९,४०० आणि बचतीला १२,६००, म्हणजे दोघांनाही चिमटा. आठ हजारांची तूट तीच, पण कोणी सोसायची ते अर्जातली एक ओळ ठरवते. आणि ही ओळ लोक सहज, विचार न करता लिहितात, कारण लिहिताना डोळ्यांसमोर चांगला महिना असतो.

ते बराच वेळ त्या २७,००० कडे बघत राहिले. “एवढ्यात नाही भागणार हो,” असं म्हणाले. मी विचारलं, “मग काय कराल?” तर म्हणाले, “बचतीतून काढू.” म्हणजे आधी कार्यालयाने बचतीत टाकायचे, आणि आठवड्याभरात यांनी तिथून काढून घराच्या खात्यात आणायचे. मागच्या वर्षी दोनदा जे झालं होतं, ते हेच. त्यांच्या अर्जातला तो परिच्छेद मला तेव्हा नीट कळला. त्यांना वाटत होतं की आपल्याला शिस्त नाही. माझ्या मते शिस्तीचा प्रश्न नव्हता, ज्या महिन्यात पैसे कमी आले त्या महिन्याचा भार भलत्या खात्यावर टाकला होता. ‘आधी बचत, मग खर्च’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि पगार दर महिन्याला सारखा असेल तर तो बरोबरही आहे. पण खालीवर होणाऱ्या पगारात ठराविक बचत आधी काढली की सगळे हिसके घरखर्चाला बसतात, आणि घरखर्च हिसके सोसत नाही. भाडं, शाळेची फी, विजेचं बिल यांना या महिन्यात पगार कमी आला हे सांगून चालत नाही.

उलट बाजूही मी त्यांना दाखवली, कारण घराची रक्कम ठराविक ठेवणं हेही फुकटात मिळत नाही. जादा कामाचे आणि बोनसचे मिळून एखाद्या महिन्यात हातात ८०,००० आले, तर बचतीत एकदम ४५,००० जातील. घराच्या खात्यात ३५,०००च दिसतील. ऐकायला छान आहे, पण घरात त्या बोनसची वाट पाहणारं कुणीतरी असतं. आणि पगारवाढ झाली, ५०,००० चे ५५,००० झाले, तर वाढीचे पाचही हजार बचतीत जातील आणि घराचं खातं जिथल्या तिथे. दर वर्षी महागाई वाढणार, ठराविक रक्कम आपोआप वाढणार नाही. म्हणजे दर वर्षी नवा अर्ज करून ३५,००० चा आकडा वर सरकवावा लागेल. ज्यांना वाढ अंगाला लागू न देता साठवायची आहे त्यांना हे हवंच असतं. बचत ठराविक ठेवणाऱ्यांकडे नेमकं उलटं होतं. वाढ आली की ती सरळ घरखर्चात मुरते आणि दोन वर्षांनी बचतीत तेच १५,००० पडत असतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. टक्क्यांत हे दोन्ही टोकाचे प्रकार टळतात. ८०,००० आले तर ५६,००० आणि २४,०००, ५५,००० आले तर ३८,५०० आणि १६,५००. मला स्वतःला टक्के मध्यम वाटतात, म्हणजे वाईट नाहीत, पण घराला तळाला किती लागतात हे ज्याला माहीत आहे त्याने टक्क्यांच्या मागे का लागावं, असंही वाटतं.

त्यांनी घर ठराविक ठेवायचं ठरवलं. मग क्रमाचं सांगावं लागलं. घराच्या खात्याला क्रम एक, बचतीच्या खात्याला क्रम दोन आणि पद्धत ‘उरलेलं सगळं’. एखाद्या महिन्यात निव्वळ पगार ३३,०००च झाला तर सगळा घराच्या खात्यात जाईल, बचतीत शून्य. हे आपोआप होतं, त्यासाठी कुणाला फोन करावा लागत नाही. पण दोन्ही ओळींत ठराविक रकमा लिहिल्या, ३५,००० आणि १५,०००, आणि ‘उरलेलं’ कुठेच लिहिलं नाही, तर ५१,००० आले की वरचे हजार कुठे टाकायचे ते यंत्राला कळत नाही आणि ४९,००० आले की दुसरी ओळ भरत नाही. काही सॉफ्टवेअर अशी नोंद घेतच नाहीत, काही घेतात आणि पगाराच्या दिवशी त्रुटी दाखवतात. टक्क्यांतही शेवटच्या खात्याला ‘उरलेलं’ लिहिलेलं बरं, कारण पूर्णांकात करताना एखादा पैसा इकडचा तिकडे राहतो.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे काही जणांचे पगार अजून पाकिटातून रोख दिले जायचे. रोखपाल एक ज्येष्ठ गृहस्थ होते, जाळीच्या खिडकीमागे बसायचे, बोटाला लावायला पाण्यात भिजवलेला स्पंज. नोटा मोजताना त्यांच्या ओठांची हालचाल व्हायची पण आवाज यायचा नाही. एक-दोघं कामगार खिडकीत वाकून हळूच सांगायचे, “साहेब, यातले एवढे दुसऱ्या पाकिटात.” ते मान वर न करता दुसरं पाकीट काढायचे, नोटा पुन्हा मोजून दोन ढीग करायचे, आणि वहीत सही मात्र एकाच रकमेपुढे घ्यायचे. कशासाठी ते कधी विचारायचे नाहीत. मला मात्र उत्सुकता असायची. कुणी त्या दुसऱ्या पाकिटातून बहिणीचं शिक्षण केलं असेल, कुणी कर्ज फेडलं असेल, कुणी घरात न सांगता भलतीकडे उडवलेही असतील. पाकीट दोन्हीकडे सारखंच दिसायचं. पगार विभागून मागणं बँकांनी आणलं असं मला कधी वाटलं नाही ते त्यामुळे.

खात्यात पगार आल्यापासून खिडकीशी वाकून सांगण्याची सोय राहिली नाही, सगळं कागदावर मागावं लागतं. आणि कागदाची स्वतःची काही खेकटी असतात. दुसरं खातं अर्जदाराच्या नावावर हवं, किंवा संयुक्त असेल तर त्यात त्याचं नाव हवं. नुसत्या बायकोच्या किंवा भावाच्या खात्यात पगार टाकायला बहुतेक कार्यालयं तयार नसतात, कारण पगार कुणाला दिला याचा पुरावा नोकरी देणाऱ्याला ठेवावा लागतो. म्हणून अर्जासोबत रद्द केलेला चेक किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत मागतात. खाते क्रमांकातला एक अंक चुकला तर नशिबाने रक्कम परत येते, पण ती येते कार्यालयाच्या खात्यात, कर्मचाऱ्याच्या पहिल्या खात्यात नाही. मग ती पुन्हा पाठवेपर्यंत काही दिवस जातात आणि तेवढे दिवस माणूस अर्ध्या पगारावर बसतो. ओळखायचं कसं? एका खात्यात जमा झाल्याचा संदेश आला आणि दुसऱ्यात दुसऱ्या दिवशीपर्यंतही काही नाही, तर वाट बघत न बसता पगार विभागाला सांगावं. पगारपत्रकावरची रक्कम आणि दोन्ही जमांची बेरीज जुळली पाहिजे.

अर्ज आला की मी कर्मचाऱ्याला फोन करते किंवा समोर बोलावते, आणि अर्जातल्या नंबरवर कधीच फोन करत नाही, आमच्या नोंदीतल्या नंबरवर करते. यावरून लोक चिडतात. कुणाच्या तरी नावाने पगार विभागाला मेल पाठवायचा, ‘माझं खातं बदललं आहे, या महिन्यापासून इथे टाका’, आणि पगार भलत्याच्या खात्यात वळवायचा, ही फसवणूक आता जुनी झाली आहे. विभागणीचा अर्ज तर त्याहून सोयीचा, कारण घराच्या खात्यात थोडे येत राहिले की कर्मचाऱ्याच्या लवकर लक्षातही येत नाही.

हप्त्याचं मात्र मी त्यांना आठवणीने विचारलं. त्यांचा कर्जाचा हप्ता जुन्या खात्यातून आपोआप जातो, आणि जुनं खातं म्हणजेच आता घराचं. बरं झालं. काही जण जुनं खातं बचतीचं करतात आणि घरासाठी नवं उघडतात, मग हप्ता बचतीतून कापला जातो आणि बचत का वाढत नाही याचं कोडं पडतं. त्याहून वाईट म्हणजे, त्या खात्यात ‘उरलेलं’ येत असेल आणि कमी पगाराच्या महिन्यात काहीच उरलं नाही, तर हप्ता परत जातो आणि वर दंड. शिवाय पगार जमा होतो म्हणून काही बँका खात्यावर किमान शिल्लक मागत नाहीत. पगाराचा मोठा भाग दुसरीकडे वळवला की ती सवलत राहते का, हे त्या बँकेला विचारायचं असतं, आम्हाला नाही.

सगळ्या कार्यालयांत दोन ओळी भरता येतात असं नाही. जिथे एकच खातं चालतं, तिथे बँकेला स्थायी सूचना देऊन ठेवायची, की अमुक तारखेला इतकी रक्कम तिकडे पाठवा. चालतं ते. फक्त ती सूचना तारखेवर चालते, पगारावर नाही. सुट्टीमुळे पगार एक दिवस उशिरा आला तर सूचना रिकाम्या खात्यावर जाऊन आपटते, म्हणून तारीख पगाराच्या नेहमीच्या दिवसानंतर दोन-तीन दिवसांची ठेवावी. आणि तिथे ‘उरलेलं सगळं’ सहसा लिहिता येत नाही, ठराविक रक्कमच लिहावी लागते. म्हणजे कमी पगाराच्या महिन्यात पुन्हा तोच घोळ.

त्यांनी नवा अर्ज माझ्यासमोरच बसून लिहिला. मी मजकूर सांगितला नाही, फक्त काय हवं ते सांगितलं, पण झाला तो असा : ‘महोदय, माझा निव्वळ मासिक पगार पुढील महिन्यापासून दोन खात्यांत जमा करावा. प्रथम ३५,००० सध्याच्या खात्यात. उर्वरित सर्व रक्कम सोबत तपशील दिलेल्या बचत खात्यात. पगार ३५,००० पेक्षा कमी असल्यास तो पूर्ण सध्याच्या खात्यात जमा करावा. बोनस, फरकाची रक्कम याच पद्धतीने. प्रवासखर्चाची परतफेड मात्र सध्याच्या खात्यात. लेखी बदल कळवेपर्यंत ही सूचना कायम राहील. दोन्ही खाती माझ्या नावावर आहेत.’ खाली सही, तारीख, कर्मचारी क्रमांक, सोबत पासबुकाची प्रत. प्रवासखर्चाची ओळ त्यांची स्वतःची. म्हणाले, “तो खर्च मी घरच्या पैशातून करतो ना, मग परत तिथेच आला पाहिजे.” मला ते आवडलं. या महिन्याची यादी बंद व्हायला दोन दिवस होते, पण मी पुढच्या महिन्यापासूनचं लिहायला सांगितलं होतं. यादी बंद होता होता केलेले बदल अर्धवट राहायची भीती असते.

जाताना ते दाराशी थांबले. “मॅडम, पगाराच्या चिठ्ठीवर दुसरं खातं दिसतं का हो?”

दिसतं. आमच्या चिठ्ठीवर खाली दोन्ही खात्यांचे शेवटचे चार अंक आणि दोन्ही रकमा छापल्या जातात, आणि एखाद्यासाठी ते बंद करता येत नाही. मी तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. अर्जात तर बायकोशी झालेलं बोलणं सविस्तर लिहिलं होतं, मग हा प्रश्न कुठून आला, हे माझ्या मनात येऊन गेलं. बायकोला बचतीचं माहीत होतं पण किती ते माहीत नसावं, किंवा चिठ्ठी घरात आणखी कुणी बघत असेल. मोठा भाऊ असेल, वडील असतील. विचारायचं माझं काम नव्हतं, आणि जाळीमागचे ते रोखपाल आठवून मी विचारलंही नाही. त्यांनी अर्ज माझ्या हातातून परत घेतला, “उद्या देतो” म्हणाले.

उद्या नाही, पण पुढच्या आठवड्यात तो आला. मजकूर तोच होता, फक्त ३५,००० खोडून ३८,००० केले होते आणि खाडाखोडीशेजारी सही होती. मी फोनवर खात्री केली, तक्त्यात दोन ओळी भरल्या, क्रम एक, क्रम दोन. त्यांचा पहिला विभागलेला पगार ४६,५०० चा निघाला. ३८,००० इकडे, ८,५०० तिकडे.